आभार मानायचे, पण कधी?

शाळेच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी येतं. तोवर धाकटी मुलं पेंगलेली असतात आणि पालक चपला शोधत असतात. त्यात तीस-चाळीस नावांची यादी वाचली, की टाळ्या पहिल्या चार नावांनाच मिळतात. एखादं नाव राहून गेलं, तर तेवढंच वर्षभर लक्षात राहतं.

जाणत्या शिक्षिका म्हणून दोन गोष्टी करतात. सगळी नावं दाराशी फळ्यावर लिहितात आणि भाषण शेवटच्या नाचाच्या आधी उरकतात, कारण आपलं मूल रंगमंचावर यायचं असताना कोणी उठत नाही.

भाषणात नावांऐवजी कामं सांगावीत. ‘सर्व पालकांचे मनःपूर्वक आभार’ हे वाक्य कुणालाच लागू पडत नाही. त्याऐवजी असं म्हणता येतं: ‘कोळीनृत्याची बारा लुगडी आयांनी घरच्या जुन्या साड्या कापून शिवली. विंगेत दोघी सेफ्टी पिना घेऊन उभ्या होत्या. एका बाबांनी रात्रपाळी करून सकाळी दीडशे वडे तळून आणले.’ ज्याचं त्याला बरोबर कळतं, शेजारचाही वळून बघतो.

पैशांचा आकडा मात्र माईकवर नको. ज्यांना काहीच देता आलं नाही, तेही समोरच बसलेले असतात.

दोन मिनिटं पुरतात.