तीन चित्रं, एक ओटा

“काकू, नमस्कार. ओट्यासाठी तीन रेंडर पाठवतेय. अ म्हणजे काळा ग्रॅनाइट, ब पांढरा क्वार्ट्झ, क पांढरा संगमरवर. खोली, कपाटं, उजेड तिन्हीत तेच आहे, फक्त दगड बदललाय. कुठला हवा ते शनिवारपर्यंत कळवा.”

कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटसाठी मी हे पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी थांबले. नुसती चित्रं बघून काकू ‘क’ निवडणार याची मला खात्री होती, कारण तेच सगळ्यांत सुंदर दिसत होतं. त्यांच्या स्वयंपाकाला मात्र तोच दगड सगळ्यांत कमी टिकला असता. म्हणून तिन्ही दगडांचे वीतभर तुकडे सोबत दिले आणि पत्रात आणखी चार ओळी घातल्या.

रेंडर म्हणजे संगणकात बांधलेल्या खोलीचं चित्र. त्यातला दगड हा दगडाचा फोटो असतो, ओट्याच्या आकारावर पसरवलेला. त्याच्या रेषा खऱ्यापेक्षा मोठ्या किंवा बारीक दिसू शकतात. उजेडही आम्हीच लावलेला असतो. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, चित्रात मात्र सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. आणि चित्रात सांधा नसतो. हा ओटा एल आकाराचा, एका भिंतीला ९ फूट, दुसरीला ६ फूट, खोली २ फूट. क्वार्ट्झची लादी साधारण साडेदहा फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद येते. तिच्यातून ९ फुटांची आणि ४ फुटांची पट्टी निघते, पण त्या दोन पट्ट्या कोपऱ्यात जोडाव्याच लागतात. चित्रात अखंड वाहणारी रेघ तिथे तुटणार, हे मी पत्रात स्पष्ट लिहिलं.

मग संगमरवराबद्दल. पत्रात लिहिलं, “काकू, लिंबाची अर्धी फोड या तुकड्यावर दहा मिनिटं पालथी ठेवा, मग पुसून उजेडात तिरकं बघा.” तिथे एक निस्तेज गोल उमटतो. हा डाग नव्हे, त्यामुळे घासून जात नाही. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आंबट पदार्थ लागला की त्याचा वरचा थर विरघळतो आणि झिलई जाते. ती परत आणायची तर पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. ज्या घरात रोज आमटीत चिंच पडते आणि उन्हाळ्यात कोकमाचं सार होतं, तिथे असे गोल पहिल्याच महिन्यात दिसू लागतील.

क्वार्ट्झला लिंबाचं भय नाही. तो दगडाच्या चुऱ्यात राळ मिसळून दाबून बनवतात आणि त्याचं दुखणं त्या राळेतच आहे. फोडणीची तापलेली कढई सरळ त्यावर टेकवली तर राळ करपून पिवळट खूण पडते आणि ती कायमची राहते. खाली लाकडी पाट किंवा जाळी ठेवायची सवय घरातल्या प्रत्येकाला, मदतीला येणाऱ्या मावशींनाही, लावायला हवी. ओल्या हळदीचा पिवळेपणा पांढऱ्यावर उठून दिसतो. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो खरा, पण डक्टकडच्या खिडकीत ऊन येणार कुठून?

ग्रॅनाइट उष्णता सोसतो आणि आंबटही सोसतो. मात्र काळ्या ग्रॅनाइटच्या नावाखाली राखाडी दगड रंगवून विकला जातो. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण पांढऱ्या कापडावर घेऊन तुकडा घासला आणि कापड काळं झालं, तर रंग चढवलेला आहे असं समजावं. शिवाय टँकरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ काळ्यावर लगेच दिसतात आणि काळा ओटा खोलीतला उजेड गिळतो.

काकूंनी तुकडे तीन दिवस गॅसशेजारी ठेवले. संगमरवरावरचा गोल पाहून त्या हळहळल्या, कारण मनात तोच भरला होता. उत्तर आलं, “अ घेऊ. पण भाजी चिरते तिथे मला अंधार नको, आणि तुझ्या कापडाला काळं लागलंय.”

काळं खरंच लागलं होतं. तो दगड बाद केला आणि दुसऱ्या यार्डातून नवा तुकडा आणला. त्यावर कापड स्वच्छ राहिलं. वरच्या कपाटाखाली दिव्याची पट्टी धरली आणि रेंडर नव्याने केलं. या वेळी खिडकीतलं ऊन काढून टाकलं आणि कोपऱ्यातला सांधा लाल रेघेने दाखवला. ग्रॅनाइटची प्रत्येक लादी वेगळी असते, म्हणून काकूंना यार्डात नेलं. त्यांनी लादीवर पाण्याचा हात फिरवून रंग पाहिला, एका कोपऱ्यातला करडा पट्टा सिंकच्या भोकात जाईल असा कापायला सांगितला आणि मागच्या बाजूला खडूने स्वतःचं आडनाव लिहिलं.