मंडपाशेजारचा फळा

गणपती बसायच्या दोन दिवस आधी मंडपाशेजारी फळा लागतो. लोक त्यावर आधी कार्यक्रम वाचतात. फळा लिहिणारा मात्र पंचांग उघडून बसलेला असतो. २०२५ चंच घ्या. चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी, आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी. म्हणजे दहा दिवसांचे झाले अकरा, आणि मध्ये रविवार एकच. त्याच दिवशी गौरींचं आवाहन आणि सोमवारी पूजन! घरोघरच्या बायका पुरणावरणात गुंतलेल्या असताना पाककला स्पर्धा ठेवली, तर परीक्षकांपुढे ताटं येणार कुठून? अशा वर्षी मुलांची चित्रकला शनिवारी सकाळी उरकायची आणि हळदीकुंकू गौरी गेल्यावर ठेवायचं.

आरतीची वेळ घरच्या आरत्यांवर ठरते. घराघरांतल्या सातच्या सुमारास होतात, म्हणून मंडळाची आठला. आरत्या, मंत्रपुष्प, प्रसाद यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. बारापर्यंत सूट मिळते ती प्रशासनानं जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच. त्यामुळे इतर दिवशी कार्यक्रमाला हाती उरतो जेमतेम सव्वा तास. पाहुण्यांचे सत्कार लांबले की एकांकिकेचा शेवट माइकशिवाय करावा लागतो. सत्कार आरतीआधी उरकून घ्यावेत, असं माझं मत. अध्यक्षांना ते सहसा पटत नाही.

पण फळ्याचा खरा कस लागतो तो शेवटच्या रकान्यात, रात्रीच्या पहाऱ्याला. समया, विजेची जोडणी, दानपेटी, मूर्तीवरचे दागिने. मंडप मोकळा सोडता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा, चार-चार तासांच्या दोन पाळ्या आणि पाळीला दोघं, असं धरलं तर त्या वर्षीच्या विसर्जनापर्यंतच्या दहा रात्रींना चाळीस पाळ्या होतात. कार्यकर्ते वीस असले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन. कागदावर सोपं दिसतं. पहिल्या रात्री तर पत्ते कुटायला दहा जण आपणहून थांबतात. गौरी गेल्या, कामाचे दिवस सुरू झाले, की दोन ते सहाच्या पाळीला फोन लागेनासे होतात. म्हणून जाणते कार्यदर्शी प्रत्येकाला एक पाळी आधीची आणि एक पहाटेची देतात, सकाळी ड्यूटीवर जाणाऱ्याला पहाटेची शनिवारी रात्रीच लावतात आणि जोडीत एक तरी मुरलेला माणूस ठेवतात. नुसतं ‘युवक मंडळ’ असं लिहिलेल्या रात्री कुणीच येत नाही. नावं लिहिली की निदान बदली कुणाकडे मागायची ते तरी कळतं.

विसर्जनाच्या आदल्या रात्री पहारेकऱ्यांना मिरवणुकीत सकाळची कामं देऊ नयेत. त्यांची नावं दुपारनंतरच्या ट्रॉलीवर लिहावीत, आणि पाण्याच्या गाडीवर दुसरे कुणी.