घसा दुखल्यानंतरचे रक्तमिश्रित मूत्र

घसा दुखून ताप आल्यावर एक-दोन दिवसांतच मूत्राचा रंग कोऱ्या चहासारखा व्हावा, काही दिवसांत तो आपोआप निवळावा आणि घशाच्या पुढील दुखण्यात पुन्हा तेच घडावे, असे झाल्यास मूत्रपिंडाच्या ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ या विकाराची शंका घ्यावी. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे होणाऱ्या मूत्रपिंडदाहातही रक्त जाते. परंतु तेथे घसा दुखल्यावर एक ते तीन आठवडे लोटलेले असतात.

आयजीए हे नाक, घसा व आतडे यांच्या अस्तराचे रक्षण करणारे प्रतिपिंड होय. या विकारात त्याच्या काही रेणूंची घडण सदोष असते. शरीर त्यांना परके मानते आणि त्यांचे पुंजके मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत साचून तेथे दाह होतो. निश्चित निदान बायोप्सीनेच होते.

रक्त पाहून घरचे घाबरतात, रंग निवळला की निर्धास्त होतात. वस्तुतः मूत्रपिंडाचे भवितव्य रक्तापेक्षा मूत्रातून जाणाऱ्या प्रथिनांवर अधिक अवलंबून असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

उदाहरणादाखल बावीस वर्षांचा एक तरुण घेऊ. दोन वेळा लाल मूत्र झाले, दोन्ही वेळा मूतखड्याचा संशय घेऊन विषय संपला. पुढे तपासणीत दिवसाला १.४ ग्रॅम प्रथिन आणि रक्तदाब १४६/९२ आढळला. क्रिएटिनिन मात्र १.१ होते. केवळ क्रिएटिनिन पाहिले असते तर सारे ठीक वाटले असते. बायोप्सीत आयजीए दिसले, गाळण्यांवरील व्रण थोडेच होते. दीर्घकाळ एक ग्रॅमहून अधिक प्रथिन, वाढलेला रक्तदाब, घटलेली कार्यक्षमता आणि बायोप्सीतील व्रण ही धोक्याची चिन्हे होत.

उपचाराचा आरंभ मीठ कमी करण्यापासून होतो. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे लोणचे-पापडालाही आवर. त्यासोबत रामिप्रिल किंवा लोसार्टनसारखे औषध हळूहळू वाढवितात आणि दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासतात. डापाग्लिफ्लोझिनचीही जोड देता येते. ही औषधे चालू असता उलट्या-जुलाब झाले किंवा निर्जळी उपवास करावयाचा असेल, तर ती घ्यावीत की थांबवावीत हे आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रथिन दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणणे हे किमान उद्दिष्ट. तेवढे न साधल्यास स्टिरॉइड, अथवा आतड्याच्या शेवटच्या भागात मोकळे होणारे ब्युडेसोनाइड यांचा विचार होतो. स्टिरॉइडमुळे गंभीर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ते सरसकट देत नाहीत. विकार समूळ जात नाही. म्हणूनच मूत्र स्वच्छ दिसत असतानाही प्रथिनांची तपासणी नियमित करावी लागते.