दहावा माणूस आला की गाडी सुटते

आपल्याकडच्या वडापची सवय असलेला माणूस दार्जिलिंगच्या स्टँडवर थोडा गोंधळतो. वडापमध्ये 'गाडी भरली' याला आकडा नसतो. इथे तो पक्का आहे, सहसा दहा. पुढे चालकाशेजारी दोन, मधल्या ओळीत चार, मागे चार. सुमो असो वा बोलेरो, मांडणी बहुधा हीच.

दार्जिलिंगहून गंगटोकला जायचं तर मॉल रोडवर शोधाशोध करू नये. शेअर जीप खाली चौक बाजारात मिळतात. तिथे प्रत्येक दिशेच्या गाड्यांची खिडकी वेगळी असते. बाहेर कुणी 'रिझर्व्ह, रिझर्व्ह' म्हणत मागे लागला, तर तो अख्खी गाडी विकतोय असं समजावं आणि थेट खिडकी गाठावी. आतला माणूस कागदावर आसनांचे आकडे लिहून बसलेला असतो. पैसे देण्याआधी तो कागद बघावा, कारण खरं वेळापत्रक तेच.

समजा सकाळी आठला तुम्ही पोचलात आणि सहा आसनं गेलेली आहेत. सकाळी गर्दी असते, उरलेली चार लवकर जातात. बिनधास्त तिकीट काढा. दुपारी दीडला कागदावर चारच नावं असतील, तर मात्र गाडी सुटेलच याचा भरवसा नाही. आठ जण जमून अडले असतील तर मोकळ्या दोन आसनांचे पैसे सगळ्यांनी वाटून घ्यावेत. प्रत्येकाला सव्वापट भाडं पडतं आणि गाडी लगेच निघते. हा तोडगा चालकही आनंदाने मान्य करतो.

आसनाचं म्हणाल, तर पहिली पसंती पुढच्या डाव्या खिडकीला. तिस्ता बाजारचा पूल ओलांडून रंगपोकडे जाताना नदी त्याच बाजूला असते. ही जागा हवी असेल तर आदल्या संध्याकाळी तिकीट काढावं. वळणांनी मळमळणाऱ्याने मागची ओळ टाळावी, तिथे हिसके जास्त बसतात. मधल्या ओळीतली खिडकी मिळाली तरी पुष्कळ. आकड्यावरून खिडकी कुठली ते ओळखता येईलच असं नाही, म्हणून विचारून घ्यावं. धिप्पाड माणसाने दोन आसनं घेतली तर तो चैनीचा खर्च नाही.

इंजिन सुरू आहे, चालक आत बसलाय, यावरून काहीच ठरत नाही. टपावरच्या सामानावर ताडपत्री टाकून दोर आवळला जाऊ लागला की गाडी खरंच निघणार. चहा त्याआधी संपवावा.

गंगटोकला गाडी देवराली स्टँडवर सोडते. महात्मा गांधी मार्ग तिथून वर आहे आणि तो पायी चालणाऱ्यांसाठीच राखलेला असल्याने सामान असेल तर जवळपर्यंत लोकल टॅक्सी करावी लागते. पुढे उत्तर सिक्कीमला जाणाऱ्यांनी देवरालीत थांबू नये, त्या गाड्या वज्र स्टँडवरून सुटतात. पावसाळ्यात दरड कोसळून तिस्ताकाठचा रस्ता बंद पडतो, तेव्हा आदल्या दिवशीच खिडकीवर चौकशी करा आणि त्याच संध्याकाळचं परतीचं विमान धरू नका.