शंभरातले अठरा नव्हेत

एखाद्या विजेच्या दुकानाची कल्पना करा. बटणाच्या खोक्यावर छापलंय: 100 रुपये, सर्व करांसह. जीएसटी 18 टक्के. मग बिलात मूळ किंमत 82 आणि कर 18 असेल?

उलट करून बघा. 82 वर 18 टक्के म्हणजे 14.76, बेरीज 96.76 होते. शंभर भरत नाहीत, कारण कर मूळ किमतीवर लागतो, छापील किमतीवर नाही.

छापील किंमत म्हणजे 118 सारख्या तुकड्यांची भाकरी समजा: 100 तुकडे दुकानदाराचे, 18 सरकारचे. म्हणून 100 रुपयांना 118 ने भागून 100 ने गुणायचं. मूळ किंमत 84.75, कर 15.25.

खरी गोची पुढे आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की कर केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. 84.75 चे 9 टक्के 7.63, दोनदा मिळवले की बेरीज 100.01! गिऱ्हाईकाकडून छापील किमतीपेक्षा पैसाही जास्त घेता येत नाही. म्हणून आधी दोन्ही कर 7.63 धरावेत आणि शंभरातून वजा करून मूळ किंमत 84.74 लिहावी.