प्रिंटरच्या नळीत हवा शिरते तेव्हा

नागपूरच्या एका शिक्षिकेच्या घरचा इंक टँक प्रिंटर एप्रिलअखेर बंद झाला तो थेट जूनच्या शेवटी सुरू झाला. पहिल्याच कागदावर पिवळं, लाल, निळं सगळं व्यवस्थित उमटलं, काळं मात्र एक अक्षर नाही. टाकीत काळी शाई तर दिसत होती, कारण त्यांनी त्याच सकाळी नवी बाटली ओतली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने न बघताच ‘हेड गेलं’ असा निकाल दिला. हेड जाऊ शकतं, पण अशा वेळी आधी नळीकडे बघायला हवं.

टाकीतली शाई एका बारीक, मऊ नळीतून हेडपर्यंत जाते. वाटेत ‘डॅम्पर’ नावाची छोटीशी कुपी असते. तिच्यातली जाळी कचरा अडवते आणि शाईचे हिसके सौम्य करते. बहुतेक यंत्रांत टाकी हेडपेक्षा खाली असते, म्हणून शाई वाहून जात नाही. ती हेडच्या सूक्ष्म छिद्रांच्या तोंडाशी अडून राहते आणि छपाई होईल तशी वर ओढली जाते. कुठे हवा शिरली की हा धागा तुटतो. मग शाई मागे सरकून टाकीत उतरते आणि नळीत मोकळे टप्पे पडतात. विहिरीवरचा पंप पाणी सोडतो, मग तो कितीही वेळ फिरवला तरी पाणी चढत नाही, तसंच हे.

काळ्याचंच असं का होतं? घरात सर्वाधिक छपाई काळ्यात होते, त्यामुळे हीच टाकी आधी खालच्या रेषेखाली जाते आणि नळी शाईसोबत हवाही ओढते. शिवाय कॅनन जी मालिकेसारख्या अनेक यंत्रांत काळी शाई पिगमेंटची असते. म्हणजे रंगाचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात, आणि वाळल्यावर ते छिद्रात घट्ट बसतात. बाकीचे रंग विरघळलेले असल्याने तुलनेने लवकर मोकळे होतात. पण सगळ्या यंत्रांत असं नसतं. काहींत काळाही विरघळणाराच असतो, म्हणून बाटलीवर काय लिहिलंय ते बघावं.

हवा की चोंदलेलं छिद्र, हे ओळखण्याचं साधन यंत्रातच आहे. प्रिंटर ड्रायव्हरच्या `Maintenance` विभागात `Nozzle Check` असतं. त्यातून प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जिन्यासारखी नक्षी छापून येते. चोंदलं असेल, तर दर वेळी त्याच जागच्या रेघा गायब राहतात. हवा असेल, तर आज या रेघा जातात, उद्या दुसऱ्या. किंवा पानाचा वरचा भाग ठीक येतो आणि खाली जाता जाता काळं विरळ होत जातं. शिक्षिकेच्या पहिल्या नक्षीत काळा जिनाच नव्हता. एकदा `Head Cleaning` केल्यावर त्याचा वरचा अर्धा भाग आला, दुसऱ्यांदा केल्यावर वरचा गेला आणि खालचा आला. हे छिद्र चोंदल्याचं लक्षण नव्हे. वरचं झाकण उचलून नळ्यांच्या पट्ट्याकडे टॉर्चने बघितलं, तर काळ्या नळीत बोटभर लांबीचे फिकट टप्पे दिसले. मार्चमध्ये प्रश्नपत्रिका छापताना काळी टाकी तळाला गेली होती, तेव्हाच हवा आत शिरली असणार. डॅम्परमध्ये उरलेल्या शाईवर यंत्र पुढे चालत राहिलं. जूनमधल्या नव्या बाटलीने टाकी भरली, नळी नाही.

इथे लोक एकच चूक करतात: क्लीनिंगचं बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतात. हिशेब असा बघा. नळी अर्धा मीटर लांब आणि आतून दोन मिलिमीटर रुंद धरली, तर तिच्यात दीड मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. साध्या क्लीनिंगमध्ये थोडीच शाई ओढली जाते. त्यातच हवा ताणाखाली फुगते आणि ताण सुटला की आकसते, त्यामुळे शाई जागच्या जागी मागेपुढे डोलत राहते. चांगले रंग मात्र प्रत्येक वेळी वाया जातात आणि यंत्राच्या तळाचा, वाया गेलेली शाई शोषणारा पॅड भरत जातो. म्हणून तीनदा क्लीनिंग, प्रत्येक वेळी तपासणी, आणि मग थांबायचं. एप्सनच्या पुस्तिका यानंतर किमान १२ तास यंत्र तसंच ठेवायला सांगतात. त्या वेळात बुडबुडे वर सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि पुष्कळदा नक्षी सुधारते.

नाहीच सुधारली, तर ड्रायव्हरमधलं `Power Cleaning` किंवा `Power Ink Flushing` वापरायचं. मॉडेलप्रमाणे नाव बदलतं. यात नळीतली सगळी शाई बदलली जाते, म्हणजेच यंत्र स्वतःच प्रायमिंग करतं. त्याआधी सर्व टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात. कमी असतील, तर पुन्हा हवाच ओढली जाईल आणि यंत्राचं नुकसान होऊ शकतं. दोन वेळांमध्येही १२ तास सोडावे लागतात. शिक्षिकेचं काम इथेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं तेव्हा काळा जिना पूर्ण आला होता.

यानेही जमलं नाही, तर सिरिंज. वॉरंटी असेल तर ती हातात घेऊ नका. तत्त्व सोपं आहे: शाई ओढायची, ढकलायची नाही. वीज काढून डॅम्पर हेडवरून सुटा करतात, त्याच्या तोंडाला रबरी नळीने दहा मिलिलिटरची सिरिंज लावतात आणि हळूहळू ओढतात. आधी हवा, मग फेस, मग सलग शाई. बुडबुडे थांबले की डॅम्पर सरळ दाबून बसवायचा. हेडच्या विजेच्या जोडणीवर एक थेंबही पडू द्यायचा नाही, नाहीतर शॉर्ट होऊन हेडसोबत बोर्डही जातो. कॅनन आणि एचपीच्या काही यंत्रांत हेड कार्ट्रिजसारखं निघतं. तिथे खालच्या छिद्रांवर सक्शन क्लिप लावून ओढतात. ही यंत्रं उष्णतेने शाई उडवतात, त्यामुळे हेड कोरडं असताना छापत राहिलात तर आतले सूक्ष्म तापक जळू शकतात. काळं येत नसताना ‘छापता छापता येईल’ म्हणून पन्नास पानं काढणं हा त्यामुळेच महागात पडणारा उपाय.

शाई भरतानाच्या चुका बहुधा घाईतल्या. बाटली जोरात हलवून फेसासकट ओतली, की फेसही टाकीत जातो. वरच्या रेषेवर भरली, तर हवेच्या वाटेत शाई शिरते आणि गळती होते. ‘काळी ती काळी’ म्हणत पिगमेंटच्या टाकीत दुसऱ्या प्रकारची शाई ओतली, तर दोन्ही मिसळून गाळ बसू शकतो. काही यंत्रं शाईची पातळी मोजतच नाहीत, किती छापलं यावरून अंदाज करतात. अशा यंत्रावर इशारा आला आणि टाकी न भरताच तो पुसला, तर पुढे कोरडं पडेपर्यंत कळत नाही. पडद्यावर विसंबू नका, टाकीकडे बघा. प्रिंटर आडवा करून रिक्षातून नेऊ नका. काही जुन्या मॉडेलना वाहतुकीसाठी नळी बंद करणारा खटका असतो, पोहोचल्यावर तो उघडायला विसरू नका.

आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधीच बंद करू नका. आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, दिवा विझू द्या, मगच वीज काढा. हेड टोपीखाली जाऊन बसतं ते तेव्हाच. उघडं राहिलेलं हेड मे महिन्यात फार दिवस ओलं राहत नाही.