पार्सल नेमकं कुठे ठेवलंय?

‘पार्सल हबला आहे, येऊन घेऊन जा’ असा मेसेज आला, की आपण नकाशात कुरिअर कंपनीचं नाव टाकतो आणि पहिला दिसेल त्या पत्त्यावर गाडी काढतो. हेलपाटा पडतो तो इथेच. एकाच कंपनीच्या जागा तीन प्रकारच्या असतात. पार्सल पाठवायचं ते बुकिंग काउंटर, ट्रकमधला माल वेगळा करायचं मोठं हब आणि डिलिव्हरी बॉय जिथून निघतात ते सेंटर. अडकलेलं पार्सल बहुधा या तिसऱ्या जागी असतं. मोठ्या हबच्या गेटमधून ग्राहकाला सहसा आत सोडत नाहीत.

समजा, कोथरूडला यायच्या पार्सलचं ट्रॅकिंग असं आहे: भिवंडी, मग चाकण, मग कोथरूड, त्यानंतर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आणि शेवटी ‘ग्राहक उपलब्ध नाही’. मेसेजमध्ये नुसतं ‘पुणे हब’ लिहिलंय म्हणून चाकण गाठलं, तर तीसेक किलोमीटरची रपेट फुकट. पाहायची ती ‘आउट फॉर डिलिव्हरी’च्या आधीची नोंद. ज्या सेंटरमधून पार्सल बाहेर पडलं, तिथेच ते संध्याकाळी परत येतं.

पण सेंटरचं नाव म्हणजे पत्ता नव्हे. ‘कोथरूड’ हे ते सेंटर ज्या भागात माल वाटतं त्याचं नाव. गाळा वारज्यात किंवा शिवण्यातही असू शकतो. भाडं वाढलं की गाळे बदलतात, नकाशावरची जुनी खूण मात्र तशीच राहते. म्हणून ज्याच्याकडे पार्सल होतं, त्या डिलिव्हरी बॉयला अ‍ॅपमधून फोन लावून विचारावं. रोज तिथून निघणाऱ्याला जागा पक्की ठाऊक असते. तो उचलत नसेल, तर कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरचा किंवा वेबसाइटवरचा नंबर घ्यावा. सर्चमध्ये किंवा नकाशावर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्यांनी टाकलेला असू शकतो. पत्ता सांगण्याआधी कोणी लिंकवर पाच रुपये भरायला किंवा * ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितलं, तर फोन ठेवावा. अशा कोडने आपले कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळू शकतात आणि कॉलवर येणारा ओटीपीही त्याच्या हाती लागू शकतो.

खरा माणूस फोनवर आला की ट्रॅकिंग नंबर सांगून विचारावं: पार्सल आत्ता सेंटरमध्ये आहे की बॅगेत? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पार्सल पुन्हा वाटपाला निघतं. दुपारी गेलात, तर पत्ता बरोबर असूनही हात हलवत परतावं लागतं. ‘मी स्वतः येतोय, बाहेर काढू नका’ असं सांगून ठेवावं. मग जवळची खूण, काउंटरची वेळ आणि ओळखपत्र कोणतं लागेल, हे विचारून घ्यावं. हा फोन पहिल्याच संध्याकाळी करावा. दोन-तीन वेळा डिलिव्हरी फसली, की पार्सल पाठवणाऱ्याकडे परत निघतं आणि मग सेंटरचा पत्ता सापडूनही उपयोग नसतो.